दुकानाच्या चाव्या एकाच खिशात नकोत

(तरुण दुकानदार आणि दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी दुकान आहे, आणि उरलेले निम्मे कुणाच्या तरी दुकानात काम करतात. म्हणजे मी जे सांगणार आहे त्याच्या दोन्ही बाजू या हॉलमध्ये बसलेल्या आहेत. मालकाची बाजू आहे, आणि उद्या नोकरी सोडून दुसरीकडे जाणाऱ्या मुलाचीही आहे. मी छोट्या दुकानांचा कॉम्प्युटर आणि हिशेब मार्गी लावण्याचं काम करतो. मोठी कंपनी असेल तर तिथे आयटीवाला असतो. आपल्याकडे 'तो पोरगा' असतो. त्याला मोबाइलमधलं कळतं, म्हणून सगळं त्याच्याकडे जातं.

आज एकाच दुकानाची गोष्ट सविस्तर सांगतो. दुकान दुचाकीच्या स्पेअर पार्टचं, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. नावं सांगत नाही, कुणाचं काही चुकलं म्हणून ही गोष्ट नाही. मालकांना सगळे चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणतो. दुकानात चाचा, त्यांची मुलगी, काउंटरवर दोन मुलं, आणि गावातला एक कर सल्लागार, तो बाहेरून. एवढीच माणसं.

काउंटरवरच्या दोघांपैकी एक मुलगा पाच वर्षं दुकानात होता. हुशार आणि प्रामाणिक. त्यानेच दुकान मोबाइलवर आणलं. गॅरेजचे मिस्त्री तुटलेल्या क्लच प्लेटचा, नाहीतर ब्रेक शूचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, हा लगेच भाव कळवायचा, आणि माल बाजूला काढून ठेवायचा. गुगल मॅपवर दुकान त्यानेच टाकलं. टॅलीत बिलं तोच करायचा. आणि एक दिवस त्याला शारजाला नोकरी लागली. चाचांनी त्याला मिठाई दिली, निरोप दिला. भांडण नाही, तंटा नाही. मी हे मुद्दाम सांगतोय. आपल्या डोक्यात असं असतं की पासवर्ड अडकतो तो भांडणामुळे. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा माणूस चांगल्या मनाने जातो, आणि तरीही दुकान बंद पडतं, कारण चाव्या त्याच्या खिशातून निघून जातात. त्याच्याही ते लक्षात आलेलं नसतं.

तो गेल्यावर आठवड्याभराने चाचांनी मला बोलावलं. व्हॉट्सअ‍ॅपचा दुकानाचा नंबर, जो बिलबुकावर आणि शटरवर छापलेला होता, तो त्या मुलाच्या नावावरचं सिम होतं. गुगल मॅपवरच्या दुकानाचा मालक त्याचा स्वतःचा जीमेल होता. टॅलीचा एकच पासवर्ड होता, तो त्याच्या डोक्यात. आणि जीएसटीचा ओटीपी कुणाकडे जातो हे चाचांना ठाऊकच नव्हतं. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याला दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी भरावं लागतं, आणि कर देणं असेल तर उशिराचं शुल्क रोज 50 रुपये लागतं, वर थकलेल्या करावर 18 टक्के दराने व्याज. तारीख होती 13.

मी गेल्यावर पहिलं काम काय केलं ते सांगतो, कारण ते तुम्ही आज घरी जाऊन करू शकता आणि त्याला कुणाचा पासवर्ड लागत नाही. एक वही घेतली. दुकान जे-जे वापरतं त्याची यादी केली, आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिला: 'पासवर्ड विसरलो' म्हटलं तर निरोप कुणाकडे जातो? हे बघायला सोपं असतं. लॉगिनच्या पानावर Forgot password दाबायचं आणि पुढे न जाता फक्त वाचायचं. ओटीपी पाठवण्याआधी बऱ्याच ठिकाणी नंबरचे शेवटचे दोन-तीन आकडे दाखवतात, ईमेलची पहिली अक्षरं दाखवतात. तिथे थांबायचं. आकडे कुणाचे हे घरात सगळ्यांना कळतं.

चाचांच्या वहीत सात ओळी झाल्या. सातपैकी पाच ओळींसमोर एकच नंबर होता, शारजाला गेलेल्या मुलाचा. एका ओळीसमोर कर सल्लागाराचा. चाचांचा स्वतःचा नंबर एकाच ठिकाणी होता, बँकेत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पासवर्ड ही खरी चावी नाही. पासवर्ड बदलता येतो, विसरला तर नवा मिळतो. नवा मिळतो तो ईमेलवर. आणि ईमेलचा पासवर्ड गेला तर तो परत मिळतो मोबाइल नंबरवर. म्हणजे साखळी अशी आहे: तळाला सिमकार्ड, त्याच्यावर ईमेल, आणि ईमेलवर बाकी सगळं. त्यामुळे दुरुस्तीही खालून वर करायची. लोक उलट करतात. आधी इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलतात, आणि ते खातं ज्या ईमेलवर आहे ते तसंच गेलेल्या माणसाकडे राहतं.

म्हणून चाचांसाठी आधी नवं सिम घेतलं, चाचांच्या आधारवर, चाचांच्या नावाने. ते दुकानातल्या एका जुन्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टाकलं. तो फोन गल्ल्याच्या कप्प्यात राहतो, कुणाच्या खिशात जात नाही. त्याचं रिचार्ज कधी संपतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं. हे फार बाळबोध वाटेल तुम्हाला. पण प्रीपेड सिम साधारण 90 दिवस वापराविना पडलं तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. ज्याला मिळेल त्याच्या फोनवर तुमच्या दुकानाचे ओटीपी जायला लागतात. म्हणून सिम कप्प्यात नुसतं पडून राहू द्यायचं नाही, जिवंत ठेवायचं.

मग त्या नंबरवर दुकानाच्या नावाने नवं जीमेल. हे खातं रोजच्या वापरात अजिबात नाही. त्यातून कुणी यूट्यूब बघत नाही, त्यातून कुणी बिलं पाठवत नाही. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर ते उघडं नसतं. त्याचं काम एकच, सगळ्या खात्यांच्या मुळाशी बसणं. त्याला दोन टप्प्यांची तपासणी लावली, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरही होकार द्यावा लागतो. आणि गुगल त्यासोबत जे Backup codes देतं, आठ-आठ आकड्यांचे दहा कोड, ते कागदावर छापले. प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन फुटला, हरवला, तर याच कागदावर आत जाता येतं. कागद पाकिटात, पाकीट चाचांच्या घरच्या कपाटात. पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर चाचांची आणि मुलीची आडवी सही. कुणी उघडलं तर सही फाटते आणि कळतं. कुणी म्हणेल की हे कोड मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवले तर? मग फोन गेल्यावर कोडही गेले. ज्या वेळी त्यांची गरज पडणार नेमक्या त्याच वेळी ते नसणार.

पाया झाला. आता व्हॉट्सअ‍ॅप. मिस्त्री रोज जिथे फोटो पाठवत होते, तो नंबर शारजात होता. सिम मुलाच्या नावावर असल्यामुळे चाचांना कंपनीच्या दुकानात जाऊन ते आपल्या नावावर करून घेता येईना. त्यासाठी ज्याच्या नावावर सिम आहे त्याची ओळख पटवावी लागते, आणि तो तर परदेशात. इथे नशीब एवढंच की तो चांगला मुलगा होता आणि त्याच्या फोनवर ते खातं अजून चालू होतं. व्हॉट्सअ‍ॅप परदेशात भारतीय नंबरवरही चालतं, सिमला रेंज नसली तरी.

मधले चार दिवस काढायला आम्ही दुकानाचा कॉम्प्युटर त्याच्या फोनला जोडून घेतला. नेहमी तो चौकोनी कोड फोनने स्कॅन करतात, पण समोर बसल्याशिवायही जोडता येतं. कॉम्प्युटरवर फोन नंबर टाकून आठ अक्षरांचा कोड मिळतो, तो फोनवाल्याने आपल्या फोनमध्ये Linked devices मध्ये जाऊन टाकायचा. व्हिडिओ कॉलवर त्याला कोड वाचून दाखवला, जोडणी झाली. इथे सावध करतो: फसवणारे लोकही नेमकं हेच करतात. 'एक कोड आलाय तो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका' असं कुणी फोनवर म्हटलं, तर त्याने तुमचं खातं आपल्या कॉम्प्युटरला जोडलं म्हणून समजा. आम्ही दोघं एकमेकांना ओळखत होतो, तोंड बघून बोलत होतो, म्हणून केलं.

मग कायमची दुरुस्ती. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नंबर बदलायची सोय आहे, Change number. मुलाने आपल्या फोनवर ती उघडून जुना नंबर आणि चाचांचा नवा नंबर टाकला. ओटीपी नव्या नंबरवर, म्हणजे कप्प्यातल्या फोनवर आला. चाचांनी तो वाचून सांगितला. खातं नव्या नंबरवर गेलं, गॅरेजवाल्यांचे ग्रुप टिकले, आणि ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांना नंबर बदलल्याची सूचना गेली. त्यानंतर कप्प्यातल्या फोनवर त्याच नव्या नंबरने पुन्हा ओटीपी घेऊन खातं उघडलं. एवढं सगळं अर्ध्या तासात झालं. जे आलं नाही ते जुने संवाद. ते मुलाच्या फोनमध्ये आणि त्याच्या गुगल ड्राइव्हवर होते, आणि दुसऱ्या खात्यावरचा तो साठा इकडे उतरत नाही. पाच वर्षांत कुणाच्या गाडीला कुठला पार्ट बसला याची जी एक नोंदवही तयार झाली होती, ती गेली. चाचांना सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटलं. आणि शटरवरचा नंबर रंगवून बदलावा लागला, बिलबुकं नवी छापावी लागली, त्याचा खर्च वेगळा.

आता रोजची व्यवस्था कशी आहे? व्हॉट्सअ‍ॅप हे एका नंबरचं खातं आहे, त्यात माणसागणिक पासवर्ड नसतो. वेगळं लॉगिन इथे नीट जमत नाही हे मान्य करूया. पण मूळ फोन एक आणि त्याला जोडलेली चारपर्यंत उपकरणं, अशी सोय आहे. तर मूळ फोन कप्प्यात. काउंटरचा कॉम्प्युटर, मुलीचा फोन आणि काउंटरवरच्या मुलाचा फोन, ही तीन जोडलेली उपकरणं. कुणी काम सोडलं की मूळ फोनमधून त्याचं नाव दाबून Log out. तो माणूस कुठेही असला तरी चालतं. एक अट लक्षात ठेवा: मूळ फोन 14 दिवस वापरलाच नाही, तर जोडलेली सगळी उपकरणं आपोआप बाहेर पडतात. म्हणून दर शुक्रवारी सकाळी दुकान उघडल्यावर कप्प्यातला फोन काढून चार्ज करायचा आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदा उघडायचं, हे काम मुलीकडे दिलं आहे. आणि सहा आकडी पिन लावताना सोबत दुकानाचं ईमेल टाकलं. ईमेल नसेल आणि पिन विसरला, तर नव्याने आत जायला सात दिवस थांबावं लागतं. सात दिवस व्हॉट्सअ‍ॅप बंद म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानाला काय, ते इथे बसलेल्या मिस्त्री मंडळींना विचारा.

गुगल मॅपवरचं दुकान त्या मानाने सरळ गेलं, आणि वेगवेगळ्या भूमिका म्हणजे काय हे समजायला ते चांगलं उदाहरण आहे. तिथे तीन पायऱ्या आहेत. एक मुख्य मालक, तो एकच असतो. मग मालक, ते अनेक असू शकतात. मग व्यवस्थापक. व्यवस्थापक फोटो टाकू शकतो, वेळ बदलू शकतो, ग्राहकांच्या प्रतिक्रियांना उत्तर देऊ शकतो. पण माणसं जोडू किंवा काढू शकत नाही, आणि दुकानाची नोंद पुसू शकत नाही. म्हणजे जे रोज लागतं ते सगळं व्यवस्थापकाला मिळतं, आणि ज्याने दुकानच हातातून जाऊ शकतं तेवढंच मिळत नाही. काउंटरवरच्या मुलाला हीच पायरी पुरते, आणि ती त्याच्या स्वतःच्या जीमेलवर देता येते. दुकानाच्या खात्याचा पासवर्ड त्याला सांगावाच लागत नाही.

शारजातल्या मुलाने Business Profile settings मध्ये People and access उघडून दुकानाचं नवं जीमेल मालक म्हणून जोडलं. आमंत्रण आलं, ते स्वीकारलं. पण लगेच मुख्य मालक होता येत नाही. नव्याने जोडलेल्या मालकाला सात दिवस थांबावं लागतं, त्याआधी तो दुसऱ्या कुणाला काढूही शकत नाही. चोराने रात्रीत येऊन खऱ्या मालकाला हाकलू नये म्हणून ही व्यवस्था. आठव्या दिवशी मुलाने मुख्य मालकी दुकानाच्या खात्याकडे दिली. मग आम्ही चाचांच्या मुलीचं स्वतःचं जीमेल दुसरी मालक म्हणून जोडलं, काउंटरवरच्या मुलाला व्यवस्थापक केलं, आणि सगळ्यात शेवटी जुन्या मुलाचं नाव काढलं. हा क्रम सोडू नका. आधी जोडायचं, मग नव्याने आत जाऊन खात्री करायची, आणि मगच काढायचं. आधी काढलं आणि नवं जोडणं फसलं तर घराला बाहेरून कुलूप लागलं आणि चावी आत राहिली, असं होतं.

आणि तो मुलगा मदत करायला तयार नसता तर? तरी रस्ता होता, फक्त लांबचा. गुगलवर त्या दुकानाच्या नोंदीवर Request ownership करता येतं. जो आत बसलेला आहे त्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने उत्तरच दिलं नाही, तर दुकान आपलंच आहे हे सिद्ध करून नोंद मिळवण्याची संधी मिळू शकते. मात्र ती मिळेलच असं नाही.

जीएसटीची गोष्ट थोडी वेगळी, आणि ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरची असेल. नोंदणी करताना सल्लागाराने स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकलेला होता. त्यात फसवणूक नव्हती. ओटीपीसाठी दर वेळी चाचांना फोन करायचा, चाचा गिऱ्हाइकात गुंतलेले, म्हणून त्याने सोय केली. पण ते खातं चाचांच्या पॅनवर आहे, नोटीस आली तर चाचांच्या नावाने येणार, आणि ती वाचणार मात्र सल्लागार. तो बदलला किंवा आजारी पडला तर? आम्ही त्याच्याकडे जाऊन बसलो, चहा घेतला, आणि नोंदणीतल्या नॉन-कोअर दुरुस्तीतून नंबर आणि ईमेल चाचांचे केले. त्याला थोडं वाईट वाटलं. त्याला सांगितलं की काम तुमच्याकडेच आहे. पोर्टलवर करदात्याच्या लॉगिनमधून Engage / Disengage GST Practitioner अशी सोय आहे. सल्लागाराची जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी असेल तर करदाता त्याला तिथून नेमतो, तो स्वतःच्या लॉगिनने रिटर्न तयार करतो, आणि शेवटचा होकार करदाता देतो. उद्या सल्लागार बदलायचा तर तिथेच Disengage. पासवर्ड मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. ज्यांचा सल्लागार नंबर सोडायलाच तयार नाही, त्यांनी आपल्या भागातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीची कागदपत्रं घेऊन जावं. तो ईमेल आणि नंबर बदलून देऊ शकतो. 19 तारखेला चाचांच्या स्वतःच्या फोनवर पहिला ओटीपी आला, तेव्हा त्यांनी तो काउंटरवरच्या सगळ्यांना दाखवला.

आता टॅली. इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचाय, कारण इथे नुसतं अडकण्यापेक्षा मोठं काहीतरी होतं.

दुकानात टॅली प्राइम आहे, आणि सगळे एकाच नावाने आत जात होते. मुलाने शारजाहून पासवर्ड सांगितला, त्यामुळे आत जाता आलं. पण तो जायच्या आधीच्या दोन महिन्यांत रोकड 4,300 रुपयांनी कमी लागत होती. आणि तो गेल्यावर दुकानात कुजबुज सुरू झाली. कोण काय बोललं ते मी सांगत नाही, पण तुम्हाला अंदाज येईल. जो समोर नसतो त्याच्या नावावर खापर फोडणं सगळ्यात सोपं. मी टॅलीतल्या नोंदी काढल्या. तीन रोखीची बिलं नंतर बदललेली दिसत होती. पण बदललं कुणी? सगळं एकाच नावाने. चाचा, मुलगी, दोन्ही मुलं, कुणीही असू शकतं. त्या मुलाने केलं असं सिद्ध होत नव्हतं, आणि त्याने केलं नाही असंही सिद्ध होत नव्हतं. शेवटी मुलीने जुन्या छापील बिलांशी एकेक ओळ ताडून बघितली, तेव्हा कळलं की मिस्त्रींनी परत आणलेल्या मालाचे पैसे गल्ल्यातून दिले होते, आणि बिलं कमी करण्याऐवजी दुसऱ्याच तारखेला फिरवली होती. पैसे कुठेच गेले नव्हते. पण तोपर्यंत दहा-बारा दिवस एका पोराचं नाव खराब होत राहिलं, आणि तो तिथे समुद्रापलीकडे बसून आपल्याला पासवर्ड सांगत होता.

नोकरी करणाऱ्यांनी हे ऐका. स्वतःचं लॉगिन मागणं म्हणजे मालकावर अविश्वास नाही. तुमच्या नावाने जे झालं तेवढ्याचीच जबाबदारी तुमच्यावर यावी, याची ती पावती आहे. मालकाने दिलं नाही तर मागा.

टॅलीत आता असं केलं आहे. Alt+K दाबून Users and Passwords मध्ये प्रत्येकाचं वेगळं नाव. चाचा आणि मुलगी पूर्ण अधिकारावर. काउंटरची दोघं, म्हणजे राहिलेला मुलगा आणि नवा आलेला, Data Entry या भूमिकेवर. त्या भूमिकेत आणखी एक मर्यादा घातली: मागच्या तारखेच्या नोंदी किती दिवस मागेपर्यंत करता येतील, ती दोन दिवसांवर ठेवली. आजचं बिल चुकलं तर उद्या दुरुस्त होतं, मागच्या महिन्याचं मात्र चाचांना विचारूनच. आणि टॅलीत Edit Log असतो, कुठली नोंद कुणी कधी बदलली ते त्यात दिसतं. तो आधीही चालू होता, पण सगळे एकाच नावाचे असल्याने त्याचा उपयोग शून्य होता. वेगळी नावं दिल्यावर तो बोलायला लागला.

एक धोका मात्र टॅलीत आहे आणि त्यावर इलाज नाही. टॅलीव्हॉल्ट नावाचं वेगळं कुलूप असतं, ते सगळी माहिती बंद करून ठेवतं. त्याचा पासवर्ड विसरला तर माहिती परत मिळत नाही, कंपनीलाही उघडता येत नाही. चाचांच्या दुकानात ते लावलेलं नव्हतं. तुमच्याकडे असेल तर तो पासवर्ड आजच कपाटातल्या त्या पाकिटात जाऊ द्या. आणि परवाना कुठल्या ईमेलवर घेतला आहे तेही बघा. कित्येकदा तो विकणाऱ्या एजंटाच्या ईमेलवर असतो.

तुमच्या दुकानात कदाचित टॅली नसेल, दुसरं बिलिंग अ‍ॅप असेल. तिथे फक्त एवढं शोधा: माणूस जोडायची सोय आहे का, आणि त्याला कमी अधिकार देता येतात का. असेल तर एकाच फोनवर सगळ्यांनी काम करणं थांबवा. यूपीआयच्या दुकानदारांसाठीच्या अ‍ॅपमध्येही हे बघण्यासारखं आहे. काउंटरवरच्या मुलाला पैसे आले की नाही एवढं दिसावं, खातं बदलायचा अधिकार त्याला कशाला?

दुसरा मालक कोण असावा हा प्रश्न घरोघरी अडतो. चाचांना दोन मुलगे आहेत, पण एक पुण्यात नोकरीला आणि एक शिकतोय. दुकानात रोज बसते ती मुलगी. तरी पहिल्यांदा चाचांनी पुण्यातल्या मुलाचं नाव सांगितलं. मी विचारलं, सकाळी अकराला ओटीपी आला आणि तो मीटिंगमध्ये असला तर? मग मुलीचं नाव लागलं. दुसरी चावी ज्याच्याकडे द्यायची तो जवळ असला पाहिजे आणि त्याला वापरता आली पाहिजे. इतर कुठलाही निकष मला पटत नाही.

शेवटी तपासणी. व्यवस्था कागदावर चांगली दिसते, ती खरी आहे की नाही हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. आम्ही दर तीन महिन्यांनी एक दिवस चाचांचा फोन सकाळी दहा ते बारा बंद ठेवतो. त्या दोन तासांत मुलीने चार गोष्टी करून दाखवायच्या: व्हॉट्सअ‍ॅपवर मिस्त्रीला भाव पाठवणं, टॅलीत आपल्या नावाने आत जाणं, गुगलवर दुकानाची वेळ बदलून पुन्हा पहिल्यासारखी करणं, आणि दुकानाच्या जीमेलमध्ये चाचांच्या फोनशिवाय शिरणं. जिथे अडेल तिथे वहीत खूण.

पहिल्याच वेळी दोन खुणा पडल्या. गुगलवर मुलीला मालक म्हणून जोडलं होतं, पण तिने आमंत्रणाचा ईमेल उघडलाच नव्हता, त्यामुळे ती यादीत नुसतीच नावाला होती. आणि दुकानाच्या जीमेलला होकार द्यायचा फोन चाचांचा ठेवला होता, कप्प्यातला नाही. फोन बंद केल्यावर मुलगी बाहेरच अडकली. पाकीट फोडून एक कोड वापरावा लागला. तिने त्या कोडवर रेघ मारली, कप्प्यातला फोन होकारासाठी जोडला, उरलेले नऊ कोड नव्या पाकिटात घालून दोघांनी पुन्हा सह्या केल्या. दुसऱ्या वेळी चारही गोष्टी झाल्या. तिसऱ्या वेळी आम्ही चाचांऐवजी मुलीचा फोन बंद ठेवला. तेव्हा कळलं की शुक्रवारचा चार्ज करण्याचा नेम फक्त तिलाच माहीत आहे. तो आता कॅलेंडरवर रिचार्जच्या तारखेशेजारी लिहिला आहे, आणि नव्या मुलालाही दाखवला आहे.

आता प्रश्न असतील तर विचारा. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी ती यादी इथे बसूनच सुरू केली तरी चालेल, फोन तुमच्या हातातच आहे.